दहा मिनिटांचे आँखों देखा हाल

आकाशवाणीच्या हिंदी क्रिकेट समालोचनात निवेदक पाळीने बोलतात. अशी एक पाळी दहा मिनिटांची धरली, तर तेवढ्या वेळात खेळ किती होतो? कसोटीत दिवसाला नव्वद षटके सहा तासांत टाकायची असतात, म्हणजे एका षटकाला चार मिनिटे. दहा मिनिटांत अडीच षटके, साधारण पंधरा चेंडू. प्रत्येक चेंडूच्या वाट्याला चाळीस सेकंद येतात. त्यांतली पळापळ जेमतेम दहा सेकंदांची, उरलेला वेळ गोलंदाज परत आपल्या खुणेपर्यंत चालत जातो. निवेदकाला या दोन वेळांसाठी दोन वेगळ्या भाषा लागतात. तुटक, धावती वाक्ये त्या दहा सेकंदांसाठी असतात आणि हिंदी समालोचनाचा खरा कस तिथेच लागतो.

ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. माणूस भरभर बोलला तरी तेवढ्यात तीन-चार अक्षरेच उच्चारतो. त्यामुळे चेंडू हवेत असताना त्याचे वर्णन होऊच शकत नाही. जाणता निवेदक हे ओळखून गोलंदाजाच्या धावेवर बोलतो, ‘चले अपने रनअप पर, अंपायर के पास से गुज़रे’, आणि ‘गेंद डाली’ एवढे म्हणून क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात मैदानावरच्या ध्वनिक्षेपकातून बॅटचा आवाज श्रोत्यापर्यंत पोहोचतो. फटका खणखणीत बसला की नुसती कड लागली, हे कान लावून ऐकणाऱ्याला शब्दांच्या आधीच कळते. हा थांबा बोलून भरून टाकणारा निवेदक श्रोत्याचे नुकसान करतो.

फटका बसल्यावर खरी धांदल सुरू होते. जोरात मारलेला चेंडू सीमारेषेपर्यंत जायला तीन-चार सेकंद घेतो. इथे हिंदी वाक्याची घडण आड येते. मराठीप्रमाणेच हिंदीतही क्रियापद शेवटी येते. ‘गेंदबाज़ की ऑफ़ स्टंप के बाहर फेंकी गई गेंद को बल्लेबाज़ ने आगे बढ़कर कवर और मिड-ऑफ़ के बीच से सीमा रेखा की ओर खेल दिया है’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण ते म्हणायला सात-आठ सेकंद लागतात. फलंदाजाने नेमके काय केले ते अगदी शेवटच्या शब्दांत कळते आणि तोवर प्रेक्षकांच्या जल्लोषाने निकाल सांगूनही टाकलेला असतो. रेडिओवर हे वाक्य शिळे ठरते.

यावर हिंदी निवेदकांनी शोधलेला उपाय म्हणजे एका लांब वाक्याचे सहा तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचे क्रियापद द्यायचे. ‘डाली गेंद, ऑफ़ स्टंप के बाहर... आगे बढ़े... ड्राइव किया! कवर और मिड-ऑफ़ के बीच से... निकल गई गेंद... कोई नहीं वहाँ... चार रन!’ इथे प्रत्येक तुकड्यात एकच हालचाल आहे आणि तुकड्यांचा क्रम मैदानावरच्या घटनांचाच आहे. श्रोत्याला पुढचा शब्द येईपर्यंत काहीही मनात धरून ठेवावे लागत नाही. कर्त्याचे नाव गरज पडली तर मागून येते: ‘घुमाया रिचर्ड्स ने’. आधी कृती, मग माणूस. बोलीभाषेत हा क्रम नेहमीच चालतो, म्हणून तो कानाला खटकत नाही. इंदूरचे सुशील दोशी यांच्यासारख्या निवेदकांनी रेडिओवरची ही ओघवती हिंदी घरोघरी नेली. या कामासाठी त्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली.

तुकडे पाडले की भार क्रियापदांवर येतो. फलंदाजाने ‘मारा’ एवढेच दर वेळी म्हटले तर पंधरा चेंडूंत श्रोता कंटाळतो, पण त्याहून मोठी अडचण अशी की त्याला चित्र दिसत नाही. ‘रोका’ म्हटले की बॅट उभी दिसते, ‘मोड़ा’ म्हटले की मनगट वळते आणि चेंडू लेगला जातो, ‘काटा’ म्हणजे आडव्या बॅटने पॉइंटकडे, ‘सहलाया’ म्हणजे नुसता स्पर्श, ‘उठाया’ म्हणजे चेंडू जमिनीवर नाही, ‘ठोका’ म्हणजे जीव खाऊन. चेंडूची क्रियापदे वेगळी असतात: टप्पा खाया, उछली, नीची रही, अंदर आई, बाहर निकली. क्षेत्ररक्षकांची त्याहून वेगळी: झपटे, फिसले, लपके. यांतला प्रत्येक शब्द दिशा, उंची किंवा जोर यांपैकी काहीतरी सांगतो. ‘शानदार’, ‘बेहतरीन’, ‘क्या बात है’ हे शब्द त्यांपैकी काहीच सांगत नाहीत. विशेषणांनी भरलेली पाळी उत्साही वाटते, पण ती संपल्यावर चेंडू कुठे गेला ते सांगता येत नाही. निवेदक चांगला की वाईट हे ओळखायची ही सर्वांत सोपी कसोटी आहे.

हिंदीतल्या जोडक्रियापदांचा उपयोग इथे फार होतो आणि धोकाही तिथेच असतो. ‘लपके’ म्हणजे झेलासाठी झेपावला, ‘लपक लिया’ म्हणजे झेल हातात आला. ‘रोका’ आणि ‘रोक लिया’, ‘निकली’ आणि ‘निकल गई’ यांतही हाच फरक आहे. दुसरा शब्द जोडला की घटना पुरी झाली असे श्रोता धरतो. म्हणून चेंडू हवेत किंवा वाटेत असेपर्यंत साधे क्रियापद किंवा चालू काळ वापरायचा, आणि निकाल डोळ्यांनी पाहिल्यावरच ‘लिया’, ‘दिया’, ‘गई’ म्हणायचे. घाईत ‘चार रन’ म्हणून मोकळे झाले आणि क्षेत्ररक्षकाने सीमारेषेवर घसरत चेंडू अडवला, तर निवेदकाला आपलेच वाक्य मागे घ्यावे लागते. असे एका पाळीत दोनदा झाले की श्रोत्याचा विश्वास उडतो, आणि मग तो निवेदकाऐवजी प्रेक्षकांच्या ओरडण्यावरून निकाल ठरवू लागतो.

25 जून 1983 रोजी लॉर्ड्‌सवर झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला एक चेंडू यासाठी उत्तम उदाहरण आहे. भारताने 183 धावा केल्या होत्या. व्हिव रिचर्ड्स 33 धावांवर खेळत होते आणि सामना हातातून निसटत चालला होता. मदनलाल यांचा चेंडू रिचर्ड्सनी मिडविकेटकडे उंच उडवला आणि कपिलदेव पाठमोरे धावत जाऊन त्याच्याखाली पोहोचले. इथे निवेदकाला एरवी न मिळणारी गोष्ट मिळते, ती म्हणजे वेळ. चेंडू कित्येक सेकंद हवेत आहे आणि निकाल कोणालाच माहीत नाही. त्या दिवशी प्रत्यक्ष काय बोलले गेले ते बाजूला ठेवून, वरचे नियम लावून ओळी रचल्या तर त्या अशा होतील:

‘मदनलाल आए... गेंद डाली... घुमाया रिचर्ड्स ने! गेंद हवा में... ऊँची... मिडविकेट की तरफ़... कपिल भाग रहे हैं... पीछे की ओर... नज़र गेंद पर... अब भी भाग रहे हैं... पहुँचे... और लपक लिया! कपिल ने लपक लिया! रिचर्ड्स आउट!’

यात ‘लपक लिया’ येईपर्यंत एकही पूर्ण झालेली क्रिया निकाल सांगत नाही. ‘भाग रहे हैं’ दोनदा येते, कारण धाव खरोखरच लांबली होती आणि तेवढा काळ भरायला नवा शब्द शोधण्यापेक्षा तोच शब्द पुन्हा म्हणणे खरे ठरते. ‘पीछे की ओर’ हे दोन-तीन शब्द गाळले तर झेलाची सगळी अवघडता हरवते, श्रोत्याला कपिलदेव समोरून धावत आल्यासारखे वाटतात. बाद झाल्याचे सांगून झाले की लगेच धावफलक यायला हवा: ‘वेस्ट इंडीज़ तीन विकेट पर सत्तावन’. प्रेक्षकांचा आवाज मोठा असेल तर निवेदक काही सेकंद गप्प राहून तो ऐकू देतो आणि धावफलक आवाज उतरल्यावर सांगतो, नाहीतर आकडा गोंगाटात बुडतो.

आवाजाची चढउतारही याच चेंडूवरून समजते. ‘गेंद डाली’ रोजच्या स्वरात, ‘हवा में’ एक पायरी वर, ‘भाग रहे हैं’ आणखी वर, आणि सर्वांत वरचा स्वर फक्त ‘लपक लिया’साठी. दहा मिनिटांत असा सर्वांत वरचा स्वर एकदा लागला तर पुरे. प्रत्येक चौकाराला तोच स्वर लावणाऱ्याकडे बळी पडल्यावर चढायला जागाच उरत नाही, आणि दुसऱ्या खोलीत काम करत कान ठेवून असलेल्या श्रोत्याला काही मोठे घडले हे कळत नाही. रेडिओ ऐकणारे बरेच लोक असेच ऐकतात, शब्दांआधी त्यांना स्वर ऐकू येतो.

चेंडूंमधल्या अर्ध्या मिनिटात भाषा सैल होते. इथे पूर्ण वाक्ये चालतात, चालायलाच हवीत. क्षेत्ररचना सांगायची, वारा, खेळपट्टी, शेजारी बसलेल्या तज्ज्ञाला एखादा प्रश्न. मात्र प्रश्न एवढा छोटा असावा लागतो की उत्तर गोलंदाज वळायच्या आत संपेल. तज्ज्ञ बोलत असताना चेंडू टाकला गेला तर त्याला मध्येच तोडावे लागते. निवेदक ते तोडतोही, कारण चेंडू चुकवणे हा रेडिओवर मोठा दोष मानला जातो. धावफलक षटकातून निदान दोनदा सांगावा लागतो. रेडिओ मध्येच लावणारा माणूस आधी तेवढ्याच एका आकड्याची वाट पाहत असतो. गोलंदाज कुठून येतो तेही सांगायचे असते. वानखेडेवर ‘टाटा छोर से’ म्हटले की ते मैदान ओळखीचे असणारा मुंबईकर लगेच दिशा लावून घेतो.

मराठी श्रोत्याला ही हिंदी परकी वाटली नाही, कारण बाळ ज. पंडित यांच्या मराठी धावत्या वर्णनाने त्याचा कान आधीच तयार झाला होता. फरक शब्दांच्या निवडीत दिसतो. मराठीने पायचीत, यष्टिचीत, त्रिफळा असे स्वतःचे शब्द घट्ट धरले. हिंदीने ‘पगबाधा’ ठेवला, पण ‘बोल्ड’, ‘स्टंप’ आणि क्षेत्ररक्षणाच्या जागांची इंग्रजी नावे तशीच घेतली. धावत्या वर्णनात हे सोयीचे पडते. नामे सगळ्यांना ठाऊक असलेली आणि झटकन उच्चारता येणारी असली की निवेदकाचे लक्ष क्रियापदावर राहते.

पाळीचा शेवट षटकाच्या शेवटी व्हावा असा प्रयत्न असतो, म्हणून दहा मिनिटे कधी नऊ होतात, कधी अकरा. शेवटच्या चेंडूनंतर निवेदक धावफलक, खेळणाऱ्या दोघांच्या धावा आणि गोलंदाजाची षटके संथपणे सांगतो, ‘आगे का हाल’ सांगणाऱ्याचे नाव घेतो आणि माइक सोडतो. हे सगळे पुढचा गोलंदाज आपल्या खुणेवर जाऊन वळेपर्यंत उरकावे लागते, कारण पुढचे ‘गेंद डाली’ नव्या आवाजात यायचे असते.