दोन बेकऱ्या, एक लाखाचा नफा

एकाच गावातल्या दोन बेकऱ्या डोळ्यांसमोर आणा. दोन्हींची महिन्याची विक्री 10 लाख रुपये, दोन्हींचा नफा 1 लाख. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण असे जोड बाजारात पुष्कळ दिसतात.

पहिल्या बेकरीत जुनी भट्टी आहे. कारागिरांची मजुरी नगावर ठरते आणि खारी-टोस्ट कमिशनवर दुकानांत जातात. मैदा, वनस्पती तूप, साखर, मजुरी, कमिशन मिळून 100 रुपयांच्या विक्रीमागे 70 रुपये खर्च होतात. हा बदलता खर्च. माल निघाला नाही तर तोही होत नाही. उरलेल्या 30 रुपयांना हिशेबाच्या भाषेत अंशदान म्हणतात. त्यातून भाडं, दिवाणजीचा पगार असा महिन्याचा 2 लाखांचा स्थिर खर्च भागवायचा. दुसरीने मोठा ओव्हन आणि पीठ मळण्याचं यंत्र घेतलं, माणसं पगारावर ठेवली. तिचा बदलता खर्च 100 मागे 50 वर आला, पण यंत्रांचा घसारा धरून स्थिर खर्च 4 लाखांवर गेला.

आता विक्री किती घसरली तर नफा शून्य होईल? पहिलीचे 2 लाख 30 टक्के अंशदानातून निघायला साधारण 6 लाख 67 हजारांची विक्री लागते. म्हणजे आजच्या विक्रीपासून तोट्यापर्यंत 33 टक्क्यांचं अंतर आहे. दुसरीला 8 लाख लागतात; तिचं अंतर 20 टक्के. या अंतरालाच सुरक्षा सीमा किंवा मार्जिन ऑफ सेफ्टी म्हणतात.

हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने पाहिली की ऑपरेटिंग लिव्हरेज दिसतं. लिव्हर म्हणजे तरफ. पहारीचं एक टोक थोडं दाबलं की दुसऱ्या टोकाचा दगड हलतो, तसा विक्रीतल्या लहान बदलाने नफा मोठा हलतो. किती पटीने, ते काढायला अंशदानाला नफ्याने भागायचं. पहिलीत 3 लाख भागिले 1 लाख, म्हणजे 3. दुसरीत 5. विक्री 10 टक्के वाढली तर पहिलीचा नफा 30 टक्के वाढतो, दुसरीचा 50 टक्के. घसरली तर तेवढाच उतरतो. आणि 1 ला 3 ने भागलं तर 33 टक्के, 5 ने भागलं तर 20 टक्के: सुरक्षा सीमाच हाती येते. दोन्ही आकडे एकाच अंतराची दोन मापं आहेत.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. हा 5 चा आकडा ओव्हनला कायमचा चिकटलेला आहे असं मालक धरून चालतात. तसं नाही. दुसरीची विक्री 15 लाखांवर गेली आणि तेवढा माल त्याच ओव्हनमध्ये निघाला, तर अंशदान साडेसात लाख, नफा साडेतीन लाख आणि पट 2.1 इतकी खाली येते. उलट जुन्या भट्टीच्या बेकरीची विक्री 7 लाखांवर आली की नफा 10 हजार उरतो आणि पट 21 होते. स्थिर खर्च कमी असूनही ती तेव्हा कड्याच्या टोकावर असते. म्हणून व्यवस्थापकाने हे गणित दर महिन्याला नव्याने मांडायला हवं. ओव्हनसाठी कर्ज असेल तर व्याज या हिशेबात येत नाही, हेही लक्षात ठेवावं. दुसरीला महिना 50 हजार व्याज असेल तर ते भागवायला 9 लाखांची विक्री लागेल आणि 20 टक्क्यांचं अंतर प्रत्यक्षात 10 टक्केच उरेल.

सगळ्यात मोठा धोका मात्र या दोन आकड्यांच्या बाहेर राहतो. दर तेच राहून माल कमी-जास्त खपेल, असं ते गृहीत धरतात. समजा, समोर नवी बेकरी उघडली म्हणून दोघींनी दर 10 टक्क्यांनी उतरवले आणि खप तेवढाच राहिला. विक्री 9 लाख झाली, पण मैदा-मजुरीचा खर्च एक रुपयानेही घटला नाही. दोघींचाही नफा शून्य. जिची सीमा 33 टक्के होती तीही 10 टक्क्यांच्या सवलतीत संपली. बदलता खर्च 10 टक्क्यांनी महागला तर चित्र उलटंच होतं: पहिलीचा नफा 30 हजारांवर येतो, दुसरीचा 50 हजारांवर. म्हणजे कागदावर जी सुरक्षित, तीच महागाईत जास्त होरपळते.

सवलत देऊन जुना नफा राखायचा तर दुसरीला खप 25 टक्क्यांनी वाढवावा लागेल. पहिलीला 50 टक्क्यांनी, आणि तेवढी खारी तिच्या जुन्या भट्टीतून निघते का, हे दराची पाटी बदलण्याआधी बघावं लागेल.