भाऊ-वडिलांसोबत गाडी घेताय? आरसी, लोन आणि इन्शुरन्स कोणाच्या नावावर हवं ते आधी ठरवा



मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता. "सर, मी आणि भाऊ मिळून गाडी घेतोय. दुकानाच्या कामाला पण होईल, घरी पण होईल. नाव कोणाचं लावू?" व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण विषय तेवढ्यात संपणारा नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आमच्या बॅचला आलेल्या दोन भावांचं उदाहरण घेऊ. मोठ्याचं किराणा दुकान, धाकटा पुण्यात नोकरीला. गाडी ऑन-रोड ९ लाखांची. २ लाख डाउन पेमेंट वडिलांनी दिलं आणि ७ लाखांचं लोन काढलं. साडेनऊ टक्के व्याज, ५ वर्षं, हप्ता साधारण १४,७०० रुपये. लोनला मुख्य अर्जदार मोठा भाऊ, सह-अर्जदार वडील. आरसी मात्र वडिलांच्या नावावर, कारण "पहिले पैसे बाबांचे, मान त्यांचा." इन्शुरन्सही साहजिकच त्यांच्याच नावावर. गाडी चालवायचा मोठा भाऊ. हप्ता त्याच्या खात्यातून जायचा आणि धाकटा दरमहा निम्मे पैसे त्याला पाठवायचा. कुठे काही लिहून ठेवलं नव्हतं.

दीड वर्षाने वडील गेले. मग काय झालं ते एकेक करून बघू.

पहिलं: आरसी

आपल्याकडे गाडीची आरसी फ्लॅटच्या करारासारखी दोन-तीन नावांची नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गाडी अनेकांच्या मालकीची असली तरी नोंदणीचा अर्ज त्यातल्या एकानेच करायचा, आणि या कायद्यापुरता तोच मालक धरला जातो. म्हणजे पैसे चौघांचे असले तरी आरटीओला मालक एकच दिसतो. अपघातात कोणाला नुकसानभरपाई द्यायची वेळ आली तर नोटीसही त्यालाच येते. गाडी विकून पैसे घेतले पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं, तरी जबाबदारी तुमचीच, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय.

आता आपल्या केसमध्ये वडील गेल्यावर गाडी आपोआप मोठ्या भावाची झाली नाही. त्याने हप्ते भरले हे खरं, पण वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यामुळे हिंदू वारसा कायद्याने आई आणि दोघं मुलगे असे तीन सारखे वारस झाले. नियम असा आहे की मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायला अर्ज करायचा. सोबत मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती आणि लोन चालू असल्यामुळे बँकेची एनओसी लागते. धाकटा म्हणाला, "निम्मे पैसे माझे आहेत, आधी हिशोब करू." तिथे गाडं अडलं.

आता आरसीवर नॉमिनी टाकता येतो, तो जरूर टाका. नाव चढवायचं काम सोपं होतं. पण नॉमिनी म्हणजे एकटा मालक, असं समजू नका. बाकी वारसांचा हक्क त्याने संपत नाही.

दुसरं: लोन

सह-अर्जदार म्हणजे अर्ध्या लोनचा जबाबदार, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. प्रत्येक अर्जदार पूर्ण लोनला जबाबदार असतो. तुमच्या भावाने निम्मा हप्ता दिला नाही, हे बँकेला सांगून उपयोग नाही. हप्ता चुकला की दोघांचाही सिबिल स्कोअर खाली येतो.

आणि दुकानदारांनो, हे नीट ऐका. मोठा भाऊ नंतर दुकान वाढवायला बँकेत गेला. बँकेने त्याच्या उत्पन्नातून पूर्ण १४,७०० वजा धरले. तो म्हणाला, "साहेब, अर्धे भाऊ देतो." पण रेकॉर्डवर धाकट्याचं नावच नव्हतं. येत्या वर्षभरात धंद्यासाठी कर्ज काढणार असाल तर गाडीच्या लोनला सही करण्याआधी हा हिशोब मांडा.

तिसरं: इन्शुरन्स

नियम एकच: आरसीवर जे नाव, तेच पॉलिसीवर. गाडी कोणीही चालवली, वैध लायसन्स असेल तर चालतं. पण मालक गेल्यावर पॉलिसी फक्त तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंतच चालते. तेवढ्यात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. इथे भावांचा हिशोब मिटला नाही, नाव बदललं नाही, आणि पाचव्या महिन्यात गाडी दुभाजकाला घासली. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला गेला. दुरुस्ती खिशातून!

आणखी एक बारीक गोष्ट. पॉलिसीत १५ लाखांचं जे पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर असतं, ते गाडी चालवणाऱ्या मालकासाठी असतं. वडील मालक आणि गाडी कायम मुलगा चालवतो, तर मुलाला ते लागूच होत नाही. त्याच्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

मग करायचं काय?

गाडी सगळ्यात जास्त जो चालवणार आणि हप्ता ज्याच्या खात्यातून जाणार, त्याच एकाचं नाव तिन्हीकडे ठेवा: आरसीवर मालक, लोनला मुख्य अर्जदार, पॉलिसीवर विमाधारक. दुकानाच्या हिशोबात गाडीचा घसारा आणि व्याज दाखवायचं असेल तरी हेच सोयीचं. गाडी बाबांच्या नावावर आणि खर्च दुकानात, यावर सीए प्रश्न विचारणारच. दुसरा भाऊ खरोखर हप्ता भरणार असेल तर त्याला सह-अर्जदार करा.

आणि मालकीतला वाटा स्टॅम्प पेपरवर लिहा. आरटीओ किंवा विमा कंपनी तो कागद बघणार नाही, पण तुमच्या दोघांत तो पुरावा आहे. डाउन पेमेंट कोणी किती दिलं, ते भेट की उसने, हप्त्यात कोणाचा किती वाटा, आणि एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी काढायची, एवढं लिहा. निम्मा हप्ता रोख देऊ नका, खात्यातूनच पाठवा.

किंमत काढायची रीत सोपी आहे. समजा वर दिलेल्याच हप्त्यांवर भावाभावांनी निम्मी-निम्मी भागी लिहून ठेवली, डाउन पेमेंट वडिलांनी दोघांना मिळून भेट दिलं. तीन वर्षांनी गाडीची बाजारातली किंमत ५ लाख ५० हजार. लोन बाकी साधारण ३ लाख २० हजार. उरले २ लाख ३० हजार. धाकट्याला बाहेर पडायचंय, तर मोठ्याने त्याला १ लाख १५ हजार द्यायचे आणि उरलेलं लोन स्वतः फेडायचं. फक्त बँकेच्या लोनमधून धाकट्याचं नाव कागदावर निघेपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असं मानू नका.

लोन फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायला विसरू नका.

त्या दोघा भावांचं शेवटी मिटलं. आईने मध्ये पडून मोठ्याच्या नावावर गाडी करून दिली, त्याने धाकट्याचे पैसे वर्षभरात फेडले. पण मधले सात महिने दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. शोरूममध्ये बुकिंगचा फॉर्म भरण्याआधी घरी चहा पिताना अर्धा तास बसून हे ठरवलं असतं, तर ती वेळ आली नसती.

तुमच्या घरी गाडी कोणाच्या नावावर आहे, हप्ता कोण भरतं, कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच केस घेऊन बोलू.