नवा पंप, तरी थरथर का?

मोटार आणि पंप कारखान्यातून एका रेषेत जुळवून आले, तरी पायावर बोल्ट आवळताना ती रेषा बिघडते. म्हणून पाइप जोडल्यावर अलाइनमेंट पुन्हा तपासतात. आधी मोटारीचा एकेक बोल्ट सैल करून पाहतात, पाय ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला, तर तिथे पोकळी आहे. ती पातळ पत्र्याने भरतात. मग कपलिंगवर डायल गेज लावून दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवतात. वर शून्य आणि खाली ०.४० असा फरक आला, तर शाफ्टमधला खरा फरक निम्मा, म्हणजे ०.२०. मोटार खाली असेल, तर चारही पायांखाली तेवढ्याच जाडीचे पत्रे घालतात. पंप चालवल्यावर बेअरिंगवर कंपन मोजतात. शाफ्टच्या लांबीच्या दिशेने ते जास्त भरले, तर कपलिंग तिरपे असल्याचा संशय आधी घ्यावा. मोटार तापल्यावर किंचित वर उचलली जाते, म्हणून गरम असतानाही एकदा मोजावे.