कर्ज आधीच फेडताय? फोरक्लोजरचा कागद उताऱ्याशी ताडून बघा

1 जूनपासून मासेमारी बंदी. त्याआधी सीझनचे पैसे हातात असतात, म्हणून बरेच बोटमालक इंजिनाचं कर्ज मे महिन्यातच एकरकमी मिटवायला जातात. बँक फोरक्लोजर स्टेटमेंट देते. त्यातला खालचा एकूण आकडा बघून लगेच पैसे भरू नका. आधी कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागा. कर्ज घेताना मिळालेला हप्त्यांचा तक्ता इथे चालत नाही, कारण बंदीत एखादा हप्ता उशिरा गेला असेल तर खरी बाकी त्या तक्त्यापेक्षा वेगळी असते.

हिशेब समजावा म्हणून एक उदाहरण धरू. व्याज 12 टक्के, हप्ता 13,000, एप्रिलचा हप्ता गेल्यावर मुद्दल बाकी 4,00,000. 5 मेला हप्ता भरला. त्यातले 4,000 व्याजात गेले, 9,000 मुद्दलात. बाकी राहिली 3,91,000. 20 मेला कर्ज बंद करायचंय, आणि कागदावर लिहिलंय: मुद्दल 4,00,000, व्याज 4,000, बंद करण्याचा आकार 2 टक्के म्हणजे 8,000. एकूण 4,12,000.

इथे मेचा हप्ता धरलेलाच नाही. असं बहुतेक वेळा चेक किंवा रोखीने भरलेल्या हप्त्याचं होतं: पावती आपल्याकडे, पण रक्कम खात्यात चढलेली नसते. पावतीची तारीख उताऱ्यात शोधा, नसेल तर तिथेच सांगा.

व्याज 5 मे ते 20 मे एवढंच, म्हणजे 15 दिवसांचं: 3,91,000 × 12 ÷ 100 × 15 ÷ 365 = 1,928. अख्ख्या महिन्याचं नाही. मुद्दल चुकलं की आकारही चुकतो. 2 टक्के 3,91,000 वर, म्हणजे 7,820. बेरीज 4,00,748. फरक 11,252 रुपयांचा, बंदीच्या दिवसांत तो थोडा नाही! (आकारावर जीएसटी वेगळा लागतो, तोही याच प्रमाणात कमी होतो.)

आता तो आकार मुळात लागतो का? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 जानेवारी 2026 किंवा त्यानंतर मंजूर वा नूतनीकरण झालेलं, बदलत्या व्याजदराचं, व्यक्तीच्या नावावरचं धंद्याचं कर्ज असेल तर व्यापारी बँकेला तो घेता येत नाही. जिल्हा मध्यवर्ती, राज्य सहकारी आणि ग्रामीण बँकांना ही बंदी 50 लाखांपर्यंतच्या कर्जाला आहे. त्याआधीचं किंवा ठरलेल्या दराचं कर्ज असेल तर करारात काय लिहिलंय ते वाचा. पतसंस्थेला हा नियम लागू नाही.

चूक सापडली तर शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि सुधारलेलं स्टेटमेंट नव्या तारखेचं मागा, कारण दर दिवसाला व्याज वाढतं. वरच्या उदाहरणात ते दिवसाला सुमारे 129 रुपये आहे. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.