बातमीच्या टेबलापाशी

हर्बर्ट गॅन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने वृत्तकचेऱ्यांत महिनोन् महिने बसून केलेला अभ्यास १९७९ साली पुस्तकरूपाने आला. ती रीत मी एका जिल्हा दैनिकात चार संध्याकाळी वापरून पाहिली. संपादकांनी होकार दिला, तरी उपसंपादकांचा वेगळा मिळवावा लागला. नावे न लिहिण्याच्या अटीवर. तेथे वहीत केवळ वेळ व तुटक शब्द. सविस्तर टिपण त्याच रात्री. ‘साडेनऊला पाणीटंचाईच्या बातमीचा शेवटचा परिच्छेद कापला’ ही नुसती नोंद. तो का कापला, कापणाऱ्याला त्यात काय दिसले, हे आले म्हणजे क्लिफर्ड गीर्ट्झ म्हणतात ते सघन वर्णन. उशिरा आलेल्या जाहिरातीने जागा खाल्ली, असे मी लिहिले होते. विचारल्यावर उपसंपादक म्हणाले, “जाहिरात नसती तरी कापला असता. त्यात नवे काय होते?” दोन्ही कारणे वहीत ठेवली आहेत.