गड्ड्यातला दिवा सांगतो, चेहरा किती धूसर!

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावर गड्डा, पाळणे, लायटिंगच्या माळा. संध्याकाळी तिथं काढलेल्या कौटुंबिक फोटोत पुढचे दोघं अगदी स्वच्छ असतात आणि मागच्या दिव्यांचे मोठे गोल गोल ठिपके झालेले असतात. मग स्टुडिओत मागणी येते: धाकटा यात्रेला येऊ शकला नाही, त्याला मागच्या ओळीत उभा करा. सोबत त्याचा मोबाइलवर काढलेला, कानापासून नाकापर्यंत लख्ख फोटो. तसाच चिकटवला तर तो चेहरा पुढच्या दोघांपेक्षाही पुढं आल्यासारखा दिसतो. त्याला धूसर करायचं, हे सगळ्यांना कळतं. किती करायचं, याचं उत्तर मात्र त्याच फोटोत लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला एक पट्टी पुरते.

आधी दिवा मोजा

लांबचा दिवा हा प्रकाशाचा एक बिंदू. तो फोकसबाहेर गेला की त्याची चकती होते. त्या फोटोत मागच्या बाजूला धूसरपणा जास्तीत जास्त किती होऊ शकतो, ते ही चकती दाखवते. समजा, पूर्ण फ्रेमचा कॅमेरा आहे, 85 मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर एफ 1.8, पुढची जोडी 3 मीटरवर आणि फोटो 6000 पिक्सेल रुंद. अगदी लांबच्या दिव्याची चकती सुमारे 230 पिक्सेल भरते. ही मापं माहीत नसली तरी काही अडत नाही, कारण चकती थेट फोटोवरच मोजता येते. फिरत्या पाळण्यावरचा दिवा तेवढा घेऊ नका, त्याची रेघ ओढली जाते. फ्रेमच्या कोपऱ्यातलाही टाळा, कारण तिथं लेन्सच्या कडा आड येऊन गोल चकती बदामासारखी लांबट होते. मधला, स्थिर, लांबचा दिवा निवडावा.

मग डोकं मोजा

आता यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. मागच्या माणसाचं डोकं पुढच्याच्या किती पट दिसतं, एवढ्यावरून त्याचा धूसरपणा ठरतो. डोकं तीन चतुर्थांश दिसत असेल, तर उरलेला भाग एक चतुर्थांश; म्हणजे त्याचा धूसरपणा लांबच्या दिव्याच्या चकतीच्या एक चतुर्थांश. डोकं निम्मं दिसलं तर चकतीही निम्मी. लहान डोकं म्हणजे लांबचा माणूस, आणि फोकसच्या अंतराशी त्याच्या अंतराचं जे प्रमाण असतं तेच धूसरपणाच्या सूत्रातही येतं. म्हणून हा हिशेब अंदाजाचा नाही, भूमितीचा आहे. तुलना मात्र साधारण सारख्या वयाच्या डोक्यांची हवी, लहान पोराच्या डोक्यावरून मोजाल तर फसाल.

आपल्या धाकट्याला जोडीच्या एक मीटर मागं, म्हणजे कॅमेऱ्यापासून 4 मीटरवर उभं करायचंय. जोडीतल्या डोक्यांच्या तीन चतुर्थांश आकारात त्याचं डोकं बसवलं, की धूसरपणा 230 चा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे 57 पिक्सेलची चकती. हा आकडा मोठा वाटतो, पण खरंच तेवढा लागतो. त्या अंतरावर डोळ्याचं बुबुळ फोटोत चाळीसेक पिक्सेलचं असतं, म्हणजे धूसरपणाची चकती बुबुळापेक्षा मोठी. बुबुळ आणि पांढरा भाग एकमेकांत मिसळायलाच हवेत. बरेच जण चेहरा ओळखू यावा म्हणून इथं हात आखडता घेतात, आणि नजर नेमकी तिथंच अडकते. ओळख महत्त्वाची असेल तर धाकट्याला जोडीच्या शेजारी, त्याच रेषेत बसवावं. एवढ्या उघड्या अॅपर्चरवर मागं उभा करून स्वच्छ ठेवणं या लेन्सला जमत नाही.

पुढं सरकलं की दुप्पट

फोकसच्या रेषेपासून एक मीटर मागं 57 पिक्सेल. तेवढंच एक मीटर पुढं, कॅमेऱ्याच्या दिशेनं आलं तर किती? 115. बरोबर दुप्पट! मागं जाताना धूसरपणा हळूहळू वाढतो आणि शेवटी लांबच्या दिव्याच्या चकतीपाशी थबकतो, कॅमेऱ्याकडं येताना तो झपाट्यानं वाढत जातो. त्यामुळं पुढच्या कडेला अर्धवट दिसणारा खांदा घालायचा झाला, तर मागच्या माणसाचा आकडा त्याला चालत नाही.

कठीण चेहरा कोणता?

वाटतं की खूप धूसर करायचा चेहरा कठीण. खरं उलटं आहे. 4 मीटरवरच्या चेहऱ्यात नाकापासून कानापर्यंत धूसरपणा साधारण 56 पासून 62 पिक्सेलपर्यंतच बदलतो, एकच आकडा सगळ्या चेहऱ्याला चालून जातो. पण धाकट्याला जोडीच्या रेषेत घ्या: डोळ्यावर फोकस, आणि डोळ्यामागं दहा सेंटिमीटरवरचा कान सात पिक्सेलनं मऊ. त्या अंतरावर स्वच्छ दिसणारी पट्टी जेमतेम 13 सेंटिमीटर खोल असते. मोबाइलच्या फोटोत मात्र डोळा आणि कान दोन्ही सारखेच टोकदार, कारण मोबाइलच्या लेन्सचं तोंड साधारण तीन मिलिमीटर आणि या लेन्सचं 47. म्हणून इथं ब्लर उतरता द्यावा लागतो: डोळ्यावर शून्य, गालावर थोडा, कानावर सात, मानेमागच्या केसांवर त्याहून जास्त. रेषेतला चेहरा ‘तसाच ठेवला तरी चालेल’ म्हणून सोडला, की कानच गुपित फोडतो.

कोणता ब्लर?

Gaussian Blur धुकं पसरवतो, लेन्स चकत्या करते. चष्म्यावरची चमक किंवा कानातल्या बाळीचा लख्ख ठिपका लेन्समध्ये छोटी चकती होऊन तेजस्वीच राहतो, Gaussian Blur मध्ये तो विझतो. म्हणून Lens Blur वापरावा, आणि दागिने किंवा चष्मा असेल तर हट्टानं वापरावा. काहीच चमकत नसेल तर Gaussian Blur चालतो, फक्त त्याच्या रेडियसमध्ये 57 भरू नये. चकतीच्या साधारण चौथ्या हिश्शापासून, म्हणजे 14 पासून सुरुवात करावी.

कडांचं काम वेगळं. चेहरा मऊ आणि कटिंगची कड धारदार राहिली तर कागद कापून चिकटवल्याचा भास होतो. मास्कलाही तेवढाच ब्लर हवा. पण त्याआधी केसांचा आणि कातडीचा रंग कापलेल्या रेषेच्या बाहेर थोडा ओढून घ्यावा, नाहीतर मूळ फोटोतली भिंत कडेनं झिरपते. पांढऱ्या बाराबंदीत हे पटकन कळतं: खांद्याभोवती जुन्या भिंतीची हिरवी किंवा निळी छटा उमटते. आणि धाकट्यासमोर पुढच्या माणसाचा खांदा येत असेल तर ती खांद्याची कड स्वच्छच राहिली पाहिजे. मागच्याचा धूसरपणा पुढच्यावर सांडत नाही, पुढचा धूसर असेल तर तो मात्र मागच्यावर पसरतो.

दिवसा, अक्षता सोहळ्याच्या गर्दीत, दिवा नसला तर? त्याच ओळीतल्या शेजाऱ्याची पांढरी बाही गडद पार्श्वभूमीवर कुठं संपते ते मोठं करून बघा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत जायला जेवढे पिक्सेल लागतात, तेवढी चकती.

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमधल्या फोटोला हा हिशेब लागू पडेलच असं नाही. तिथला धूसरपणा गणितानं नंतर घातलेला असतो, आणि बऱ्याचदा एकाच ओळीतल्या दोघांना वेगवेगळा मिळालेला असतो. तिथं सरळ शेजाऱ्याची कड मोजावी.

सगळं जुळल्यावरही चेहरा मेणासारखा गुळगुळीत वाटला, तर कारण दाण्यांचं आहे. ब्लर धाकट्याच्या फोटोतला दाणा पुसून टाकतो. संध्याकाळच्या फोटोत मात्र सेन्सरचा दाणा सगळीकडे टोकदारच असतो, धूसर भागातही, कारण तो लेन्समधून येतच नाही. तेव्हा सर्वात शेवटी, ब्लरच्या नंतरच, Add Noise नं तेवढा दाणा परत घालावा, आणि शंभर टक्के झूमवर शेजारच्या गालाशी ताडून बघावा.