सबस्क्रिप्शन बॉक्सचा माल मागवताना कोणता आकडा धरायचा?

दर महिन्याला घरपोच जाणाऱ्या बॉक्सचा धंदा बाहेरून फार सोपा दिसतो. ग्राहक आधीच ठरलेले, पैसेही आधी जमा, मग माल किती मागवायचा हे तर माहीतच असणार ना? अडचण अशी की माल मागवायची तारीख आधी येते आणि गिऱ्हाईक नक्की किती उरलेत हे नंतर कळतं.

आपण खाऊच्या बॉक्सचं उदाहरण घेऊ. हिशोब डोक्यात राहावा म्हणून आकडे सोपे करून घेतलेत. बॉक्समध्ये भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि लाडवांचं एक पाकीट. लाडू ग्राहकाने निवडायचा : बेसन, नाचणी किंवा शेंगदाणा. बॉक्स 5 तारखेला कुरिअरला जातो. लाडू करणाऱ्या ताईंना दहा-बारा दिवस आधी आकडा लागतो, म्हणून ऑर्डर 22 तारखेला द्यायची. लाडवाची निवड 28 ला बंद होते आणि ग्राहकाच्या खात्यातून पैसे 1 तारखेला कापले जातात.

म्हणजे 22 तारखेला तुम्ही अंधारात आहात. त्यात आणखी एक गोष्ट. आपोआप पैसे कापायच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नियम चांगलाच आहे, पण बऱ्याच जणांना तो मेसेज बघूनच आठवतं की "अरे, हे बंद करायचं होतं". त्यामुळे रद्द होणाऱ्यांचा एक गठ्ठा तुमची ऑर्डर गेल्यावर येतो. काहींचे पैसे खात्यात शिल्लक नसल्यामुळे कापलेच जात नाहीत. तो ग्राहक रुसलेला नसतो, पण बॉक्स तर जात नाही.

म्हणून मी रद्द, स्किप आणि पैसे न कापले गेलेले असे तीन वेगळे अंदाज बांधायला सांगत नाही. एकच गोष्ट मोजा : 22 तारखेला जे चालू होते, त्यांतल्या किती जणांना पुढचा बॉक्स खरोखर गेला? दर महिन्याला एवढी एक नोंद ठेवली की तिन्ही प्रकारची गळती त्यात आपोआप येते.

आता खरा मुद्दा. ही गळती सगळ्या ग्राहकांत सारखी नसते. नवीन माणूस पहिला बॉक्स उघडतो, चव बघतो आणि ठरवतो, तेव्हा सगळ्यात जास्त लोक जातात. दुसऱ्या बॉक्सनंतर कमी जातात. तीन-चार बॉक्स घेतलेला माणूस सहसा टिकतो, कारण त्याच्या घरात त्या डब्याची सवय झालेली असते. म्हणून यादी ग्राहकाला आतापर्यंत किती बॉक्स मिळाले यावरून लावा.

समजा आज 22 जून आहे आणि स्क्रीनवर 345 चालू ग्राहक दिसतायत. मागचे तीन महिने सरासरी गळती 9 टक्के होती. सरळ हिशोब केला तर 314 बॉक्स. पण मे महिन्याच्या प्रदर्शनात तुम्ही "पहिला बॉक्स अर्ध्या किमतीत" असं कूपन वाटलं होतं आणि या 345 मधले 80 जण त्या कूपनवर आलेत. मागच्या वेळी कूपनवर आलेल्यांपैकी पहिल्या बॉक्सनंतर 40 टक्के गेले होते. आता यादी फोडून बघा :

| कोण | आज चालू | जाणारे | उरणारे |
|---|---|---|---|
| 1 बॉक्स मिळाला, कूपनवर आलेले | 80 | 40% | 48 |
| 1 बॉक्स मिळाला, पूर्ण किमतीत आलेले | 40 | 25% | 30 |
| 2 बॉक्स मिळालेले | 50 | 12% | 44 |
| 3 किंवा जास्त | 175 | 4% | 168 |
| एकूण | 345 | | 290 |

314 आणि 290. चोवीस बॉक्सचा फरक पडला, आणि तोही बॉक्स चांगला की वाईट याच्याशी काही संबंध नसताना. यादीत नवीन माणसांचं प्रमाण वाढलं, बस. याची उलटी बाजूही असते. दोन-तीन महिने जाहिरात केली नाही की यादीत जुनेच लोक उरतात, गळती 9 वरून 5 टक्क्यांवर येते आणि सरासरी धरून बसलेल्याला माल कमी पडतो. तेव्हा "ग्राहक खूश झालेत" असा अर्थ काढू नका. आधी यादीत नवीन किती आणि जुने किती ते बघा.

तीन महिन्यांचे पैसे एकदम भरलेले आणि भेट म्हणून दिलेले बॉक्स या टक्केवारीत घालायचे नाहीत. ते तिसऱ्या बॉक्सपर्यंत जवळपास सगळे टिकतात आणि मग एकाच महिन्यात बरेच जण गळतात. दिवाळीत भेट दिलेल्यांचं असंच होतं. त्यांची मुदत संपायचा महिना यादीत वेगळा लिहून ठेवा.

290 मध्ये आता 22 ते 1 तारखेदरम्यान नव्याने येणारे मिळवायचे. मागच्या तीन महिन्यांत या दिवसांत 18, 22 आणि 20 जण आले असतील तर 20 धरा. मात्र या दिवसांत नवी जाहिरात सोडणार असाल, तर हा 20 चा आकडा कामाचा नाही. एकूण झाले 310 बॉक्स. भाकरवडी, चिवडा आणि चटणी सगळ्यांना सारखीच, त्यामुळे तिथला हिशोब इथेच संपतो. चटणी टिकाऊ आहे, थोडी जास्त मागवली तरी पुढच्या बॉक्सला जाते.

डोकेदुखी लाडवांची आहे. समजा तुमच्या नोंदीत दिसतंय की 60 टक्के लोक स्वतः निवड करतात आणि 40 टक्के काहीच निवडत नाहीत. म्हणजे 310 मधले 186 निवडणारे आणि 124 न निवडणारे. निवडणाऱ्यांची आवड बेसन 50, नाचणी 30, शेंगदाणा 20 टक्के अशी आहे, म्हणजे 93, 56 आणि 37 पाकिटं.

इथे बरेच जण सगळ्यांवर सरसकट 10 टक्के ज्यादा लावतात. त्याने काम भागत नाही, कारण आकडा जितका छोटा, तितका तो टक्केवारीत जास्त हलतो. 93 चे 100 झाले तर साडेसात टक्के, 37 चे 44 झाले तर जवळजवळ एकोणीस टक्के, आणि दोन्ही गोष्टी निव्वळ योगायोगाने घडू शकतात. सोपा उपाय म्हणजे अंदाजाच्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि तेवढी पाकिटं ज्यादा धरा. शीटमध्ये :

```
=B2+ROUNDUP(SQRT(B2),0)
```

56 चे 64 होतात, 37 चे 44. सगळेच महिने यात बसतील असं नाही, पण बहुतेक महिने निभावतात.

आणि ही ज्यादा पाकिटं वाया जात नाहीत, कारण ती घ्यायला 124 लोक आहेत! ज्यांनी निवड केली नाही त्यांना "बेसन लाडू" असं आधीच लिहून देऊ नका. "आमच्या पसंतीचा लाडू" असं लिहा. 28 ला निवड बंद झाली की आधी निवडणाऱ्यांची पाकिटं बाजूला काढा आणि उरेल ते न निवडणाऱ्यांना द्या. म्हणून नाचणी 64, शेंगदाणा 44 आणि बाकी सगळं बेसन, म्हणजे 202 अशी ऑर्डर लावा. बेसनला वेगळा ज्यादा माल लागतच नाही.

समजा प्रत्यक्षात निवड झाली बेसन 91, नाचणी 62, शेंगदाणा 33. तुमच्याकडे उरले बेसन 111, नाचणी 2, शेंगदाणा 11. बेरीज 124. नाचणीचा अंदाज सहाने चुकला तरी एकही पाकीट कमी पडलं नाही आणि एकही उरलं नाही. फक्त एक काळजी घ्या : शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे नाव नोंदवतानाच विचारा. ज्यांना आहे त्यांना शेंगदाणा लाडू तर नाहीच, पण बॉक्समधल्या चटणीऐवजीही दुसरं काही द्यावं लागेल.

राहिला एकूण 310 च चुकण्याचा प्रश्न. मागच्या सहा महिन्यांचा अंदाज आणि प्रत्यक्ष गेलेले बॉक्स शेजारी शेजारी मांडा. सगळ्यात मोठा फरक 12 चा निघाला असेल, तर ती 12 पाकिटं मागवायची की नाही हे पैशांवर ठरवा. एक पाकीट 60 रुपयांना पडतं. उरलेलं दुकानाच्या काउंटरवर 40 ला गेलं तर नुकसान 20 चं. कमी पडलं तर नंतर वेगळं कुरिअर करायला 70 रुपये, शिवाय ग्राहकाची नाराजी वेगळी. अशा वेळी 12 ज्यादा मागवाच, आणि बेसनमध्येच मागवा, म्हणजे 202 चे 214. पण तुमचं दुकान नसेल आणि उरलेला लाडू घरातच खावा लागत असेल, तर नुकसान 60 चं झालं. मग पाच-सहा पाकिटं पुरे.

अंदाज बिघडतोय हे कसं ओळखायचं? चूक कधी वर, कधी खाली होत असेल तर काळजी नको. तीन महिने सलग एकाच बाजूला चुकली तर तुमच्या टक्केवाऱ्या जुन्या झाल्यात, अलीकडच्या नोंदींवरून नव्याने काढा. जुने ग्राहक एकदम जास्त स्किप करायला लागले तर त्यांच्या 4 टक्क्यांवर लक्ष ठेवा, पण मे महिना मोजू नका, तेव्हा लोक गावाला जातात.

एक फसवा आकडाही आहे. समजा नाचणी लाडू 25 तारखेलाच "संपला" दाखवायला लागला. महिनाअखेर नोंदीत दिसतं 64 आणि तुम्ही पुढच्या वेळी 64 च धरता. पण 25 नंतर ज्यांना नाचणी हवी होती त्यांनी नाइलाजाने बेसनवर बोट ठेवलं, म्हणजे नाचणीची मागणी कमी दिसली आणि बेसनची जास्त. म्हणून एखादी वस्तू निवडीतून कधी बंद झाली ती तारीख लिहून ठेवा, आणि पुढचा अंदाज ती संपायच्या आधीच्या दिवसांतल्या निवडीवरून काढा. ऋतूचंही तसंच. डिंकाचा लाडू थंडीत जसा जातो तसा जुलैत जाणार नाही, त्याला मागचा महिना नाही, मागच्या वर्षीचा तोच महिना बघावा लागतो.

हे सगळं साधारण शंभराच्या पुढे ग्राहक असतील तर नीट चालतं. चाळीस ग्राहकांत पंचवीस टक्के म्हणजे काय, दोन माणसं इकडची तिकडं झाली की आकडा बदलला. तुमचे चाळीसच असतील तर शीट बाजूला ठेवा आणि 20 तारखेला प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर विचारा, "ताई, या महिन्याचा बॉक्स पाठवू ना? लाडू कोणता?" दोन दिवसांत बहुतेकांची उत्तरं येतील. ज्यांची येणार नाहीत, त्यांची नावं वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा, कारण पुढे शंभरावर गेल्यावर गळतीची टक्केवारी काढायला हीच नोंद लागणार आहे.